सत्तावन्न टक्क्यांचं काय करायचं? अनुदानाच्या अर्जात गरज कशी मांडावी

मी पहिला अर्ज लिहिला तेव्हा त्यात असं एक वाक्य होतं: ‘नंदुरबार जिल्ह्यातली 57 टक्के मुलं तीव्र कुपोषणाच्या विळख्यात असून मृत्यूशी झुंज देत आहेत.’ आठवड्याने अनुदान देणाऱ्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. “57 हा कमी वजनाचा आकडा आहे ना? मग ‘तीव्र’ कुठून आलं? आणि तुम्ही ज्या पाड्यांवर काम करणार आहात, तिथे मुलं किती आहेत?”

मला दोन्हीची उत्तरं देता आली नाहीत. धडगाव तालुक्यातल्या त्या पाड्यांवर आम्ही वर्षभर जात होतो. मुलं डोळ्यांसमोर होती, काहींची नावंही पाठ होती. पण कोणी मोजली नव्हती. अर्ज नामंजूर झाला आणि मला त्यात अन्याय वाटला नाही. त्यानंतर मी बरेच अर्ज लिहिले आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या लहान संस्थांचे त्याहून जास्त तपासले. जवळपास प्रत्येक पहिल्या अर्जात मला माझं ते वाक्य वेगळ्या शब्दांत भेटतं.

म्हणून हा लेख अर्जातल्या एकाच भागाबद्दल आहे. इंग्रजी फॉर्ममध्ये त्याला नीड स्टेटमेंट म्हणतात, आपण गरजेची मांडणी म्हणू. साधारण एका पानात सांगायचं असतं की अडचण काय आहे, कोणाची आहे, किती मोठी आहे आणि आज आहे त्या व्यवस्थेत ती का सुटत नाही. उपाय इथे लिहायचा नाही, त्यासाठी पुढे वेगळी जागा असते. उदाहरण बालकुपोषणाचं घेतो, कारण खानदेशातून जाणाऱ्या अर्जांमध्ये तो विषय सारखा येतो आणि आकडे सर्वांत जास्त तिथेच घसरतात.

पहिली पायरी: जिल्ह्याचा आकडा नीट वाचणे

57 हा आकडा खोटा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची 57.2 टक्के मुलं कमी वजनाची आढळली. त्याच फेरीत महाराष्ट्राचा आकडा 36.1 आणि देशाचा 32.1 होता. एवढा फरक खरोखर गंभीर आहे, त्याला आणखी तिखट-मीठ लावायची गरज नाही. आकड्याचा अर्थ मात्र आपल्याला नेमका कळायला हवा.

कमी वजन म्हणजे वयाच्या मानाने वजन कमी. वयाच्या मानाने उंची कमी असेल तर ती खुरटलेली वाढ. उंचीच्या मानाने वजन कमी असेल तर ती कृशता, आणि ती फार जास्त असली की आपण ‘सॅम’ म्हणजे तीव्र कुपोषित म्हणतो. ही एकाच मुलाकडे पाहायची तीन वेगवेगळी मापं आहेत. एकच मूल तिन्हींत बसू शकतं. नंदुरबारमध्ये त्याच फेरीत 45.8 टक्के मुलं खुरटलेली आणि 30.7 टक्के कृश निघाली. मी पाहिलेल्या एका अर्जात राज्याच्या तीन मापांची बेरीज केली होती, 35.2, 25.6 आणि 36.1, आणि लिहिलं होतं की राज्यातली 97 टक्के मुलं कुपोषित आहेत. नंदुरबारची अशीच बेरीज केली तर उत्तर शंभराच्या वर जातं, म्हणजे चूक तिथेच उघडी पडते. राज्याच्या आकड्यात ती शंभराच्या आत लपून राहते, म्हणून तिथे जास्त धोका.

माझ्या पहिल्या वाक्यात दोन चुका होत्या. कमी वजनाच्या आकड्याला मी ‘तीव्र’ हा शब्द चिकटवला. आणि ‘मृत्यूशी झुंज’ तर त्या सर्वेक्षणाने मोजलीच नव्हती.

आता तारीख. पाचव्या फेरीचं महाराष्ट्रातलं काम जून ते डिसेंबर 2019 मध्ये झालं. अहवाल नंतर आले, म्हणून बरेच जण ‘कोरोनानंतरची परिस्थिती’ असं लिहून मोकळे होतात. ते चूक आहे, मोजणी कोरोनाच्या आधीची आहे. आकड्यापुढे प्रकाशनाचं वर्ष लिहू नका, मोजणीचं लिहा.

तुलना करतानाही एक मोह होतो. चौथ्या फेरीत नंदुरबारचं कमी वजनाचं प्रमाण 55.4 होतं, पाचव्यात 57.2 झालं. त्यावरून ‘कुपोषण वाढत चाललं आहे’ असं लिहिलं जातं. पण त्याच दोन फेऱ्यांत कृशता 39.8 वरून 30.7 वर आली. एक आकडा उचलला तर परिस्थिती बिघडली, दुसरा उचलला तर सुधारली. शिवाय हे नमुना सर्वेक्षण आहे. जिल्ह्यातल्या निवडक घरांतली मुलं मोजलेली असतात, त्यामुळे एक-दोन टक्क्यांचा फरक निव्वळ नमुन्यामुळेही पडू शकतो. मी अशा वेळी लिहितो: ‘दोन फेऱ्यांत कमी वजनाचं प्रमाण साधारण तेवढंच राहिलं, कृशता कमी झाली, तरीही दोन्ही राज्याच्या सरासरीहून जास्त आहेत.’ हे वाक्य कमी धारदार आहे. पण वाचणाऱ्याने स्वतः तक्ता उघडला तरी ते टिकतं, आणि हे लोक तक्ता उघडतात.

तक्ता तुम्ही स्वतः उघडाल तेव्हा काही आकडे कंसात दिसतील. कंस म्हणजे तो आकडा 25 ते 49 जणांच्याच माहितीवर उभा आहे. 25 हून कमी असतील तर आकड्याऐवजी फुली असते. कंसातला आकडा अर्जाचा पाया करू नका.

शेवटचं, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: जिल्ह्याचा आकडा जिल्ह्याचाच असतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठचा सपाट, बागायती शहादा आहे आणि सातपुड्याच्या कुशीतला धडगाव-अक्कलकुवाही आहे. 57.2 ही या सगळ्यांची मिळून सरासरी. धडगावात प्रमाण याहून जास्त असेल असं वाटणं साहजिक आहे, पण या तक्त्यावरून ते सिद्ध होत नाही. म्हणून ‘आमच्या 11 पाड्यांत 57 टक्के मुलं कमी वजनाची आहेत’ असं लिहायचं नाही. 2011 च्या जनगणनेतली 0 ते 6 वयाची लोकसंख्या घेऊन तिला या टक्क्यांनी गुणायचं नाही. वयोगट वेगळा, वर्ष वेगळं, आणि उत्तरात येणारी ती हजारोंची संख्या कोणीच मोजलेली नसते.

मग जिल्ह्याचा आकडा कशाला? पार्श्वभूमीला, एका वाक्यापुरता. मुंबईत बसलेल्या माणसाला समजावं की आपण कोणत्या भागाबद्दल बोलतो आहोत. बाकीचं पान पाड्यांचं.

दुसरी पायरी: अंगणवाडीची वही, आणि तिच्याशी का भांडू नये

पाड्यांचा आकडा शोधायला सगळे आधी अंगणवाडीत जातात, आणि तिथे धक्का बसतो. वहीतलं प्रमाण सर्वेक्षणापेक्षा बरंच कमी दिसतं. नवखा कार्यकर्ता लगेच निष्कर्ष काढतो की आकडे दाबले आहेत, आणि अर्जात लिहून टाकतो, ‘शासकीय यंत्रणा वस्तुस्थिती लपवत आहे.’

असं लिहायच्या आधी छेद पाहा, म्हणजे कितींपैकी किती. वहीतली टक्केवारी त्या महिन्यात वजन झालेल्या मुलांवर काढलेली असते. आपल्याकडे दिवाळीनंतर घरंच्या घरं गुजरातेत ऊसतोडीला जातात, होळीला येतात, काही परत जातात. जी मुलं गेली ती वजनाला नाहीत. शेतावर लांब राहणारी घरं महिन्याच्या वजनाला येतीलच असं नाही. त्यात वहीतलं ‘सॅम-मॅम’, म्हणजे तीव्र आणि मध्यम कुपोषण, कृशतेवरून ठरतं आणि आपण हातात धरलेले 57 टक्के कमी वजनाचे. दोन वेगळी मापं, दोन वेगळे छेद, मग आकडे जुळणार कसे?

सेविकेकडून तीन गोष्टी लिहून घ्या: वहीत नोंदलेली मुलं किती, गेल्या महिन्यात वजन झालेली किती, त्यात सॅम आणि मॅम किती. यासाठी पर्यवेक्षिकेची किंवा प्रकल्प कार्यालयाची लेखी परवानगी घ्या. सेविकेला अडचणीत टाकून मिळवलेला आकडा वापरू नये.

तिसरी पायरी: आपली मोजणी

अकरा पाडे असतील तर नमुना काढायची गरज नाही, सगळी मुलं मोजा. दंडघेराची पट्टी पुरते. सहा महिने पूर्ण झालेल्या मुलापासून पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आतल्या मुलापर्यंत, 11.5 सेंटीमीटरहून कमी दंडघेर म्हणजे तीव्र आणि 11.5 पासून 12.5 च्या आत म्हणजे मध्यम कुपोषण. डावा हात घ्यायचा. कोपर दुमडून खांद्याचं टोक आणि कोपराचं टोक यांच्या मधोमध खूण करायची, मग हात सैल सोडायला लावून त्या खुणेवर पट्टी लावायची. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. घाईत लोक पट्टी आवळतात आणि निरोगी मूल मध्यममध्ये जातं. म्हणून आम्ही प्रत्येक दहाव्या मुलाचं माप दुसऱ्या कार्यकर्त्याकडून, पहिला आकडा न सांगता, पुन्हा घेतो. अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त फरक पडला तर त्या दिवसाची सगळी मापं परत घेतो.

सातपुड्यात वयाचा प्रश्न येतोच. जन्माचा दाखला नसला तर ‘दोन होळ्या झाल्या’, ‘भोंगऱ्याच्या बाजाराच्या आधीचा’ असं सांगतात. त्यावरून महिना ठरवता येतो, पण अंदाजाने. दंडघेराला नेमका महिना लागत नाही, मूल त्या वयोगटात बसतं एवढं कळलं की पुरे. तेही कळत नसेल तर 65 ते 110 सेंटीमीटर उंचीची मुलं घ्यायची पद्धत आहे. कमी वजन काढायचं तर महिना चुकला की निकालच चुकतो. या भागात पहिल्या अर्जासाठी मी दंडघेर सुचवतो त्याचं कारण हेच.

एक बंधन पाळावं लागतं. दंडघेरावरून निघालेला आकडा सर्वेक्षणातल्या कृशतेच्या किंवा कमी वजनाच्या आकड्याशेजारी ठेवून ‘आमच्याकडे जास्त’ किंवा ‘कमी’ म्हणायचं नाही. दंडघेर आणि उंची-वजन यांवर पकडली जाणारी मुलं बरीचशी वेगवेगळी असतात.

आता एक उदाहरण सोडवू. हिशेब समजावा म्हणून हे आकडे मी कल्पून घेतले आहेत, ते कोणत्याही खऱ्या गावाचे नाहीत.

धडगाव तालुक्यातल्या 11 पाड्यांत या वयाची 412 मुलं आहेत. जानेवारीत आपण फिरलो तेव्हा 338 मुलांचा दंडघेर घेता आला. राहिलेल्या 74 पैकी 52 मुलं आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली, 22 दोन फेऱ्यांतही घरी भेटली नाहीत. मोजलेल्या 338 मध्ये 61 मुलांचा दंडघेर 12.5 हून कमी, त्यातल्या 14 जणांचा 11.5 हूनही कमी.

61 भागिले 338, म्हणजे 18 टक्के. इथपर्यंत ठीक. पण ‘आमच्या पाड्यांतली 18 टक्के मुलं’ असं लिहिलं की 74 मुलं गुपचूप गाळली जातात. ऊसतोडीवर गेलेल्या मुलांची स्थिती जास्त वाईट असेल असं आपल्याला मनातून वाटतं, मलाही वाटतं, पण मोजलेलं नाही. मी एक साधी गोष्ट करतो. न भेटलेल्यांपैकी एकही मूल कुपोषित नसेल तर 412 पैकी 61, म्हणजे सुमारे 15 टक्के. सगळीच असतील तर 412 पैकी 135, म्हणजे सुमारे 33 टक्के. खरा आकडा यांच्या मध्ये कुठेतरी. अर्जात लिहायचं: ‘412 पैकी 338 मुलांचं मोजमाप झालं, त्यात 61 कुपोषित आढळली, 74 मुलं भेटली नाहीत, त्यातली 52 स्थलांतरित आहेत.’ टक्केवारी हवी तर त्यानंतर, ‘मोजलेल्यांपैकी’ हा शब्द जोडून.

बरेच जण मला म्हणतात, “भाऊ, न भेटलेली मुलं दाखवली तर आपलं काम कच्चं दिसेल.” माझा अनुभव उलटा आहे. 338 पैकी 338 असं लिहिलं की वाचणाऱ्याला पहिली शंका येते ती तिथेच, कारण जानेवारीत सातपुड्यात सगळी मुलं घरी सापडतात हे कोणालाच पटत नाही. आणि ती 52 मुलं लपवली तर होळीनंतर दुसरी फेरी करायला पैसे कोणत्या तोंडाने मागणार?

चौथी पायरी: अडचण नेमकी कुठे अडते ते शोधणे

आकडा मिळाला की लोक थांबतात. पण ‘61 मुलं कुपोषित आहेत’ ही परिस्थिती झाली. त्यासाठी अंगणवाडी आहे, ग्राम बाल विकास केंद्र आहे, पोषण पुनर्वसन केंद्र आहे. मग तुमची गरज काय, हा प्रश्न वाचणारा विचारणारच. अर्जाचा हा भाग सर्वांत मौल्यवान आहे आणि त्याच्यावर सर्वांत कमी मेहनत घेतली जाते.

चौदा तीव्र कुपोषित मुलांचा माग काढा. एकेका मुलाचं काय झालं ते वही, चिठ्ठ्या आणि घर या तिन्ही ठिकाणी विचारा. आपल्या उदाहरणात असं निघालं असं समजा: 14 पैकी 9 मुलं अंगणवाडीच्या वहीत आधीच सॅम म्हणून होती, 5 वहीतच नव्हती. त्या 9 पैकी 6 जणांना पुनर्वसन केंद्रात न्यायची चिठ्ठी मिळाली होती. त्यातली 3 दाखल झाली. मुक्काम पूर्ण केला एकाने.

इथे हात शिवशिवतात. ‘14 पैकी 13 तीव्र कुपोषित बालकं उपचारापासून वंचित!’ वाक्य जोरदार आहे आणि चुकीचं आहे. प्रत्येक तीव्र कुपोषित मुलाला पुनर्वसन केंद्रात ठेवायचंच असं नसतं. भूक चांगली आहे, ताप, सूज, जुलाब असं काही नाही, अशा मुलावर गावातच उपचार होतात. चिठ्ठी न मिळालेली ती 3 मुलं ग्राम बाल विकास केंद्रात येत होती, म्हणजे त्यांचे उपचार नियमाप्रमाणेच चालले होते. त्यांना ‘वंचित’ म्हटलं तर तालुक्याचा वैद्यकीय अधिकारी अर्ज वाचून पहिल्याच ओळीला हसेल आणि पुढचं खरं असलेलंही मानणार नाही.

खरी अडचण दोन जागी आहे. पहिली, 5 मुलं वहीतच नव्हती. घरं शोधली तर त्यातली 4 घरं पाड्यापासून लांब शेतावर राहणारी. दुसरी, चिठ्ठी मिळालेल्या 6 पैकी 5 जणांचे उपचार पूर्ण झाले नाहीत. 3 गेलीच नाहीत, 2 मधूनच परतली. त्या 5 घरी जाऊन बसा. फॉर्म भरून घेऊ नका. भाकरीची वेळ टाळून, पावरी किंवा भिलोरी बोलणारी बाई बरोबर घेऊन जा. समजा 4 आयांनी सांगितलं, “एवढे दिवस तिकडे राहायचं तर घरच्या लहान पोरांना कोण बघणार?” आणि एकीने सांगितलं की मुलगा तिथे रडून रडून दूध सोडायला लागला.

पाहा, या पाच घरांनी आपला अंदाज मोडला. संस्थेत आधी ठरलं होतं की आयांमध्ये जाणीव नाही, जागृती मेळावे घेऊ. आयांना सगळं माहीत होतं. एक आई तर पहिल्या मुलाच्या वेळी स्वतः जाऊन आली होती. बुडीत मजुरी मिळते हेही तिला ठाऊक होतं. अडचण मागे राहणाऱ्या भावंडांची होती. ‘अज्ञान व अंधश्रद्धेमुळे’ हे दोन शब्द मी आता कोणत्याही अर्जात दिसले की त्याखाली रेघ मारतो आणि विचारतो, हे तुम्हाला कोणी सांगितलं?

लहान संख्यांबद्दल एक नियम: पाचपैकी चार असेल तर ‘5 पैकी 4’ लिहा, ‘80 टक्के’ लिहू नका. 80 टक्के वाचलं की डोळ्यांसमोर शेकडो आया येतात. खोटं न लिहिताही आपण फसवलेलं असतं. आणि ‘या 5 घरांत’ म्हणा, ‘आदिवासी समाजात’ म्हणू नका.

याच पायरीवर दुसरी एक सवय सुटते. ‘परिसरात बालसंगोपन केंद्र नाही’ अशी गरज पुष्कळ अर्जांत असते. म्हणजे आपल्याला जे बांधायचं आहे त्याचा अभाव हीच गरज! असं वाक्य सापडलं की ‘मग काय होतं?’ असं विचारा. केंद्र नाही, मग काय होतं? लहान भावंडांना कोणी बघत नाही, मग काय होतं? आई दाखल होत नाही, मग काय होतं? मुलाचे उपचार अर्धवट राहतात. लिहायचं ते इथलं वाक्य.

पाचवी पायरी: लिहिणे

कल्पित आकड्यांवरच मांडणी कशी होईल ते पाहा.

‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (मोजणी 2019) नंदुरबार जिल्ह्यातली पाच वर्षांखालची 57.2 टक्के मुलं कमी वजनाची होती. राज्याचं प्रमाण 36.1 टक्के होतं. हा जिल्ह्याचा आकडा आहे. आमच्या कार्यक्षेत्रातली स्थिती समजावी म्हणून आम्ही यंदा जानेवारीत धडगाव तालुक्यातल्या 11 पाड्यांत 6 ते 59 महिने वयाच्या मुलांचा दंडघेर मोजला. 412 पैकी 338 मुलं भेटली. त्यात 61 कुपोषित आढळली, त्यांपैकी 14 तीव्र. न भेटलेल्या 74 मुलांपैकी 52 ऊसतोडीसाठी स्थलांतरित होती. त्यांची स्थिती होळीनंतरच्या फेरीत मोजली जाईल.

तीव्र कुपोषित 14 मुलांपैकी 9 अंगणवाडीच्या नोंदीत होती. त्यातल्या 3 मुलांवर ग्राम बाल विकास केंद्रात उपचार सुरू आहेत. पुनर्वसन केंद्रात पाठवलेल्या 6 पैकी 1 मुलाने मुक्काम पूर्ण केला. उपचार अपूर्ण राहिलेल्या 5 घरांशी आम्ही बोललो. 4 आयांनी घरच्या लहान भावंडांना सांभाळायला कोणी नसणं हे कारण सांगितलं. नोंदीत नसलेल्या 5 मुलांपैकी 4 पाड्यापासून दूर शेतावर राहतात. उपचाराची व्यवस्था तालुक्यात आहे. या मुलांपर्यंत ती पोहोचत नाही किंवा पूर्ण होत नाही, ही अडचण आहे.’

यात ‘भयावह’ नाही, ‘विदारक’ नाही. ‘फक्त 1 मुलाने’ असंही लिहिलेलं नाही, ‘फक्त’ वाचणाऱ्याला आपोआप ऐकू येतं. ‘यामुळे’ हा शब्द कुठेच नाही, कारण भावंडांमुळे उपचार अपूर्ण राहिले हे आपण सिद्ध केलेलं नाही. आयांनी तसं सांगितलं आणि आपण तेवढंच लिहिलं. शेतावर राहणं आणि वहीत नसणं या गोष्टी एकत्र दिसल्या, तेही तसंच लिहिलं.

हे वाचून एका तरुण कार्यकर्त्याने मला विचारलं होतं की एवढ्या थोड्या मुलांसाठी पैसे कोण देईल. प्रश्न रास्त आहे. काही देणगीदारांना खरंच हजारांचे आकडे हवे असतात. त्यांच्याकडे हा अर्ज जाऊ नये. पण 61 मुलांच्या जागी 6,000 लिहून अनुदान मिळालं तर वर्षाअखेरीस अहवालात 6,000 मुलं दाखवावी लागतात, आणि तो खोटेपणा मग अंगणवाडीच्या वहीपर्यंत झिरपतो. मी हे होताना पाहिलं आहे. जी मुलं खरोखर आजारी होती, ती त्या फुगलेल्या यादीत हरवून गेली.

पाठवण्याआधी

मुलांची नावं, फोटो आणि पाड्याचं नाव अर्जात घालू नका. एका पाड्यात एकच तीव्र कुपोषित मूल असेल तर पाड्याचं नाव म्हणजेच त्या मुलाचं नाव. तालुका आणि ‘11 पाडे’ एवढं पुरतं. यादी संस्थेत कुलपात ठेवा.

प्रत्येक आकड्यासमोर पेन्सिलीने लिहा, कोणत्या कागदावरून आला, कोणत्या तारखेचा. ज्याच्यासमोर काही लिहिता येत नाही तो खोडा. माझ्या अर्जांत दरवेळी एखादा तरी असा निघतो, बहुतेक वेळा मी कुठेतरी ऐकलेला आणि मनाला पटलेला.

मग ते पान सेविकेला आणि त्या पाच आयांपैकी तयार असेल तिला, तिच्या भाषेत वाचून दाखवा. एका पाड्यावर आम्ही वाचत होतो तेव्हा सेविकेने मधेच थांबवलं. वहीत नसलेल्या मुलांपैकी दोघांची नावं मामाच्या गावच्या अंगणवाडीत होती, तिथे त्यांचं वजन दर महिन्याला होत होतं. आम्ही तिथल्या सेविकेला फोन लावला, खात्री केली, आणि पाचाचे तीन केले.